३:२० च्या आधी: ब्रोकरने पोझिशन कापण्याआधी आपण कसं बाहेर पडायचं

हा आजच्या भागाचा लिखित अवतार. ज्यांना लोकलमध्ये इयरफोन लावूनही नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी खास. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त हिशोब नीट मांडून लिहिलाय, कारण आकडे कानाने पकडणं अवघड जातं.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून घेतलाय. प्रश्न असा: "इंट्राडे पोझिशन मी बंद केली नाही तर ब्रोकर आपोआप करतोच ना? मग मी कशाला घड्याळ बघत बसू?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की ब्रोकर बहुतेक वेळा करतो, पण तो *त्याच्या* सोयीने करतो. आणि ज्या दिवशी त्याला करता येत नाही, त्या दिवसाचं बिल तुमच्या नावावर फाटतं. हे दोन्ही नीट समजून घेऊ.

आधी हे: ब्रोकरला घाई कसली?

आपल्याकडे शेअर बाजार नेहमीच्या दिवशी सकाळी ९:१५ ला उघडतो आणि दुपारी ३:३० ला बंद होतो. पण ब्रोकरची इंट्राडे कापायची वेळ त्याच्या आधीची असते. कुणाची ३:१५, कुणाची ३:२०, कुणाची ३:२५. ही वेळ एक्सचेंजने ठरवलेली नाही, प्रत्येक ब्रोकर स्वतःची ठरवतो. म्हणून मित्राच्या ॲपमधली वेळ तुमच्या ॲपला लागू होईलच असं नाही. मी या लेखात ३:२० धरून बोलणार आहे, तुम्ही तुमच्या ब्रोकरची वेळ त्या जागी ठेवा.

आता घाईचं कारण. तुम्ही इंट्राडेमध्ये, म्हणजे ॲपवर जिथे `MIS` किंवा `Intraday` लिहिलेलं असतं तिथे, १,२०,००० रुपयांचे शेअर घेतलेत आणि तुमच्या खात्यातून अडकले फक्त २४,०००. म्हणजे २० टक्के, पाचपट लिव्हरेज. पूर्वी यापेक्षा कितीतरी जास्त पट मिळायची. सेबीने पीक मार्जिनचे नियम टप्प्याटप्प्याने आणले, १ सप्टेंबर २०२१ पासून ते पूर्ण लागू झाले, आणि तेव्हापासून कॅशमध्ये पाचपटीच्या वर जाता येत नाही. काही शेअर्सना तर त्याहून कमी पट मिळते.

ही पाचपट दिवसापुरती आहे. संध्याकाळपर्यंत सौदा उलटा झाला तर प्रश्न मिटला. नाही झाला तर दुसऱ्या दिवशी (आपल्याकडे आता टी प्लस वन सेटलमेंट आहे) खरेदीचे पूर्ण १,२०,००० क्लिअरिंग कॉर्पोरेशनला द्यावे लागतात, आणि तिथे उभा असतो तुमचा ब्रोकर. उरलेले ९६,००० तुमच्याकडे आहेत की नाहीत हे त्याला माहीत नाही. म्हणून तो ३:३० ची वाट बघत नाही. एखादी ऑर्डर फसली तर ती परत टाकायला त्याला हाताशी दहा-पंधरा मिनिटं हवी असतात.

थोडक्यात, ही सोय तुमच्या सौद्याला चांगला भाव मिळावा म्हणून केलेली नाही. ब्रोकरची जोखीम संपवायला केलेली आहे. एवढं लक्षात राहिलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

३:२० ला नेमकं होतं काय?

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला हे एखाद्या ठरल्या वेळी सुरू होणाऱ्या बॅच जॉबसारखं दिसतं. ब्रोकरच्या जोखीम विभागाची सिस्टिम साधारण दोन कामं करते.

पहिलं, तुमच्या इंट्राडेमधल्या सगळ्या अडकून पडलेल्या ऑर्डर रद्द. तुमचा स्टॉपलॉस, तुमचं टार्गेट, सगळं. दुसरं, जी काही पोझिशन उघडी आहे तिच्या उलट दिशेची ऑर्डर, सहसा मार्केट ऑर्डर. घेतलेलं असेल तर विकायची, शॉर्ट असेल तर घ्यायची.

आता इथे दोन गोष्टी नीट बघा. एक, हे हजारो ग्राहकांसाठी एकाच वेळी चालू असतं. तुमचा नंबर ३:२०:०५ ला लागेल की ३:२२ ला, हे तुम्ही ठरवत नाही. ३:२० ही कापणी *सुरू* व्हायची वेळ आहे. बाजारात गोंधळ असेल तर ती आधीही सुरू करण्याचा हक्क बहुतेक ब्रोकर आपल्या अटींमध्ये राखून ठेवतात. शिवाय तोटा वाढून तुमचं मार्जिन संपत आलं, तर वेळेची वाट न बघताच पोझिशन कापली जाते.

दोन, मार्केट ऑर्डर भाव विचारत नाही. समोर जो उभा आहे त्याला माल देऊन मोकळी होते. मोठ्या, भरपूर उलाढाल असलेल्या शेअरमध्ये हे जाणवतही नाही. मधल्या फळीतल्या शेअरमध्ये जाणवतं. कसं ते आकड्यातच बघू.

एक हिशोब: शांत दिवस

समजा तुम्ही एक मध्यम उलाढालीचा शेअर २४० रुपयांना ५०० नग घेतला. एकूण १,२०,००० चा सौदा, तुमचे अडकलेले २४,०००. दिवसभर काही विशेष झालं नाही. ३:२० ला भाव २३८.३० दिसतोय. ॲपवर तुम्हाला तोटा ८५० दिसतो. ठीक.

पण २३८.३० ला घेणारे किती उभे आहेत? फक्त १२० नगांना. त्याखाली २३८.१० ला १८० नग, आणि त्याखाली २३७.८० ला बाकीचे २०० बसतील एवढी मागणी. मार्केट ऑर्डर या तिन्ही पायऱ्या उतरते:

१२० नग × २३८.३० = २८,५९६
१८० नग × २३८.१० = ४२,८५८
२०० नग × २३७.८० = ४७,५६०

एकूण हातात आले १,१९,०१४. म्हणजे तोटा ८५० नाही, ९८६. पायऱ्या उतरण्याचे १३६ रुपये गेले. वर बरेच ब्रोकर आपोआप कापलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे वेगळा आकार लावतात. ५० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी हा नेहमी दिसणारा आकडा, म्हणजे ५९. एकूण १९५ रुपये.

"१९५ रुपयांनी काय होतंय?" असं वाटेल. पण हे तुमच्या २४,००० वर मोजा. पाऊण टक्क्याहून जास्त झाले. महिन्यात वीस दिवस रोज असंच सोडून दिलंत तर ३,९०० रुपये, भांडवलाच्या सोळा टक्के. तुमचा अंदाज बरोबर होता की चूक, याचा याच्याशी काही संबंध नाही. हा फक्त "बघेल ब्रोकर" म्हणण्याचा खर्च आहे.

हेच ५०० नग तुम्ही ३:०५ ला, लिमिट लावून, दोन-तीन तुकड्यांत विकले असते तर पायऱ्या उतरायची गरज नव्हती आणि ५९ तर नक्कीच वाचले असते. भाव ३:०५ ला जास्त असेल की ३:२० ला, हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. मी बोलतोय ते फक्त बाहेर पडण्याच्या पद्धतीबद्दल.

दुसरा हिशोब: ज्या दिवशी दार बंद होतं

आता खरा धोका. तो लाँगपेक्षा शॉर्टमध्ये जास्त आहे, आणि तो समजायला सर्किट समजायला हवं.

बऱ्याच शेअर्सना दिवसाची भावमर्यादा असते: २, ५, १० किंवा २० टक्के. ज्यांचे फ्युचर्स-ऑप्शन्स चालतात त्यांना अशी पक्की भिंत नसते, तिथे मर्यादा सरकत जाते. बाकीच्यांना असते. भाव वरच्या भिंतीला चिकटला की त्याला अपर सर्किट म्हणतात. तिथे घेणारे लाखो, विकणारा कुणी नाही.

उदाहरण घेऊ. शेअरचा कालचा बंद भाव २१५. मर्यादा २० टक्के, म्हणजे आज जास्तीत जास्त २५८. दुपारी तो २४० वर आहे. तुम्हाला वाटतं, एवढा चढलाय, आता पडणारच. तुम्ही ५०० नग शॉर्ट करता. अशा उड्या मारणाऱ्या शेअरला पाचपट मिळत नाही, समजा ४० टक्के मार्जिन लागलं, म्हणजे ४८,०००.

३:०५ ला भाव २४७. तोटा ३,५००. मन म्हणतं, थांब, शेवटच्या दहा मिनिटांत खाली येईल. ३:१२ ला शेअर २५८ ला जाऊन चिकटतो. आता विकणारा नाही. ३:२० ला ब्रोकरची सिस्टिम येते, खरेदीची ऑर्डर टाकते, आणि ती रांगेत शेवटी जाऊन उभी राहते. तुम्ही ३:१२ लाच २५८ ची खरेदी ऑर्डर टाकून रांगेत पुढची जागा धरली असेल, तर रद्द करून पुन्हा टाकण्याच्या त्या प्रकारात तीही जागा जाऊ शकते. ३:३० होतात. बाजार बंद. तुम्ही विकलेले ५०० शेअर तुमच्याकडे नाहीतच.

आता पुढे काय? समोर कुणीतरी ते घेतलेत, त्याला माल द्यायलाच हवा. दुसऱ्या दिवशी एक्सचेंज लिलाव करतं, त्याला ऑक्शन म्हणतात. ज्यांच्याकडे माल आहे ते तिथे आपला भाव सांगतात, आणि तो नेहमीच्या बाजारापेक्षा चढाच असण्याची शक्यता जास्त. समजा २७५ ला माल मिळाला. तोटा नगामागे ३५, एकूण १७,५००. वर दंड आणि आकार वेगळे.

आणि लिलावातही कुणी विकायला आलं नाही तर? मग पैशात तोडगा काढला जातो, क्लोज-आउट. त्याचा नियम कडक आहे: सौद्याच्या दिवसापासून तोपर्यंतचा सर्वात जास्त भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावापेक्षा २० टक्के जास्त, यातलं जे मोठं असेल ते. समजा त्या दिवशी बंद भाव २६२ आणि मधला उच्चांक २६८. २६२ वर २० टक्के म्हणजे ३१४.४०. हा मोठा, म्हणून हाच लागू. नगामागे तोटा ७४.४०, एकूण ३७,२००.

३:०५ ला ३,५०० होते. तीच पोझिशन, तेच नग. फरक एवढाच की ३:०५ ला विकणारे होते.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो: "दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून घेऊन देऊन टाकू की!" नाही जमत. दुसऱ्या दिवशी घेतलेला माल त्याच्या पुढच्या दिवशी मिळतो, आणि तुमची द्यायची वेळ त्याआधीच निघून गेलेली असते. उपाय एकच असतो, तोच शेअर तुमच्या डिमॅटमध्ये आधीपासून असेल तर त्याच दिवशी सौदा डिलिव्हरीत बदलून ते शेअर देणं. पण किती जणांकडे असतात?

लाँगमध्ये उलटा प्रकार. लोअर सर्किट लागलं, घेणारा नाही, तर शेअर तुमच्या गळ्यात पडतात. डिलिव्हरी होते, पूर्ण पैसे भरावे लागतात. नाही भरले तर ब्रोकर पुढे मिळेल त्या भावाला विकतो आणि तोटा तुमचा. वाईट आहे, पण निदान लिलाव नाही. म्हणून माझा साधा नियम: ज्या शेअरला पक्की भावमर्यादा आहे तो इंट्राडेला शॉर्ट करायचाच नाही. आणि कुणी केलाच असेल, तर भाव भिंतीपासून तीन-चार टक्क्यांवर आला की घड्याळ बघायचं नाही, सरळ बाहेर पडायचं. शेवटचं अंतर फार पटकन संपतं, कारण अडकलेले बाकीचे शॉर्टवालेही त्याच वेळी खरेदीला धावतात.

माझं वेळापत्रक

मी नोकरी करतो. तीन वाजता हमखास कुठली तरी मीटिंग असते. म्हणून हे डोक्यात न ठेवता फोनच्या अलार्मवर टाकलंय. ब्रोकरची वेळ ३:२० धरून:

२:४५ नंतर नवीन इंट्राडे सौदा नाही. जो सौदा अर्ध्या तासात फळला नाही तर कापावाच लागणार, तो घ्यायचाच कशाला?

३:०० ला निर्णय. प्रत्येक उघड्या पोझिशनसमोर दोनच पर्याय: बंद करायची की डिलिव्हरीत बदलायची. लाँग असेल आणि पूर्ण पैसे खात्यात असतील तर ॲपमध्ये `Convert` करून `CNC` म्हणजे डिलिव्हरी करता येते, पण हेही कापायच्या वेळेआधी. आणि स्वतःला एक प्रश्न विचारायचा: सकाळी मी हा शेअर डिलिव्हरीत घेतला असता का? उत्तर नाही असेल तर बदलायचं नाही. तोटा मान्य करायचा नाही म्हणून केलेली डिलिव्हरी ही गुंतवणूक नसते.

३:०५ ला लिमिट ऑर्डर, समोर दिसणाऱ्या भावाच्या जवळ. नग जास्त असतील तर तुकड्यांत.

३:१० ला जे उरलं असेल ते भाव सोडून देऊन बाहेर. पाच-दहा पैशांसाठी इथे भांडायचं नाही.

३:१२ ला तपासणी. आणि ही तपासणी लोक सोडून देतात, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

बाहेर पडलात, पण खरंच पडलात का?

समजा तुम्ही २४० ला ५०० घेतले आणि २३६ ला स्टॉपलॉसची विक्री लावून ठेवलीत. ३:०५ ला तुम्ही वेगळी ऑर्डर टाकून ५०० विकले. पोझिशन शून्य. पण ती स्टॉपलॉसची ऑर्डर? अनेक ॲपमध्ये ती तशीच जिवंत राहते. ३:०९ ला भाव २३६ ला टेकला की ती चालते, आणि तुम्ही नकळत ५०० नग शॉर्ट होता. वर सांगितलेला सगळा शॉर्टचा प्रकार इथूनही सुरू होऊ शकतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. मी जुनी स्टॉपलॉस ऑर्डरच उचलून तिचा भाव बदलतो आणि तिनेच बाहेर पडतो. एकच ऑर्डर, दुप्पट व्हायचा प्रश्नच नाही. ते जमत नसेल तर आधी रद्द, रद्द झाल्याची खात्री, मग विक्री.

दुसरी तपासणी प्रॉडक्टची. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये `MIS` ने घेतलेलं `NRML` ने विकलं तर ब्रोकरच्या सिस्टिममध्ये ते दोन वेगळे सौदे दिसतात. तुम्हाला वाटतं हिशोब मिटला. ३:२० ला सिस्टिम फक्त `MIS` वाला कापते आणि `NRML` वाला उलटा सौदा रात्रभर उघडा राहतो.

तिसरी गोष्ट, आमच्या धंद्यातली जुनी ओळखीची: एकाच वेळी दोघांनी एकच काम करणं. ३:१९:५५ ला तुम्ही विक्रीचं बटण दाबता आणि ३:२०:०० ला सिस्टिमही विकायला निघते. चांगल्या सिस्टिम हे सांभाळतात, पण त्या पाच सेकंदांवर आपले पैसे लावायची गरज नाही. ३:१२ पर्यंत काम संपवलेला माणूस या शर्यतीत नसतोच.

तर ३:१२ ला दोनच पडदे बघायचे. `Positions` मध्ये प्रत्येक नावासमोर नग शून्य. `Orders` मध्ये अडकलेली एकही ऑर्डर नाही. दोन्ही खरं असेल तरच फोन खिशात.

जाता जाता

तुमच्या ब्रोकरच्या मदत पानावर आज तीन गोष्टी शोधून लिहून ठेवा: इक्विटीची कापायची वेळ, फ्युचर्स-ऑप्शन्सची वेळ (ती वेगळी असू शकते), आणि आपोआप कापल्याचा आकार. या वेळा ब्रोकर अधूनमधून बदलतात, त्यांचे ईमेल न वाचता डिलीट करू नका. दिवाळीच्या मुहूर्त ट्रेडिंगसारख्या खास सत्रात तर सगळं वेळापत्रकच वेगळं असतं. कमोडिटीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: एमसीएक्सची रात्रीची बंद व्हायची वेळ अमेरिकेतल्या घड्याळबदलानुसार वर्षातून दोनदा ११:३० आणि ११:५५ मध्ये सरकते, आणि तिच्यासोबत ब्रोकरची कापायची वेळही सरकते.

त्या श्रोत्याच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर: ब्रोकर कापेलच, पण विकायला समोर कुणी असेल तर. ते समोर कुणी आहे तोवर बाहेर पडणं हे आपलं काम.

अलार्म लावलात का? कितीचा लावलात ते कमेंटमध्ये सांगा. पुढच्या भागात लिलावाच्या दिवशी येणारं बिल, म्हणजे ती कॉन्ट्रॅक्ट नोट, ओळ-ओळ वाचून बघू. तोपर्यंत भेटू!